तक्रार ऐकणारा माणूस विकायला लागतो तेव्हा

महिन्याची ११ आणि २० तारीख जवळ आली की बिलिंग सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपन्यांच्या सपोर्ट विभागात फोन थांबत नाहीत. दर महिन्याला विवरणपत्र भरणाऱ्या व्यापाऱ्यांसाठी ११ तारीख जीएसटीआर-१ची आणि २० तारीख जीएसटीआर-३बीची. इचलकरंजीचा कापडवाला, सांगलीचा हळदीचा व्यापारी, चाकणमध्ये सुटे भाग बनवणारा छोटा कारखानदार, सगळे एकाच सुरात बोलत असतात: "पोर्टल एरर दाखवतंय, आजच भरायचंय, लवकर बघा." पलीकडे हेडसेट लावून बसलेली मुलं-मुली एकेक एरर सोडवत जातात. दोन-तीन वर्षं हे काम केलं की व्यापाऱ्याच्या हिशेबात नेमकं कुठे दुखतं, हे त्यांना तोंडपाठ झालेलं असतं.

यातल्या अनेकांना पुढे सेल्समध्ये जायचं असतं. सपोर्टमध्ये पगार एका टप्प्यानंतर फारसा हलत नाही, शिफ्ट सुटत नाहीत, आणि वरच्या जागा मोजक्याच असतात. पण बायोडेटा लिहायला बसल्यावर ही मंडळी 'उत्तम संवादकौशल्य', 'टीममध्ये काम करण्याची आवड', 'दबावाखाली शांत' असे शब्द लिहितात. व्यापाऱ्याच्या दुखण्याची जी माहिती त्यांनी हजारो कॉलमधून कमावलेली असते, तिचा त्यात उल्लेखही नसतो. मुलाखत घेणाऱ्या सेल्स मॅनेजरला मात्र नेमकी तीच हवी असते.

आधी इनसाइड सेल्स म्हणजे काय, ते थोडक्यात. बॅग घेऊन गावोगाव फिरणारा विक्रेता आपल्याला ओळखीचा आहे. इनसाइड सेल्सचा माणूस ऑफिसमध्ये किंवा घरी बसून फोन, ईमेल, व्हॉट्सॲप आणि व्हिडिओ कॉलवर विकतो. कुणीतरी कंपनीच्या वेबसाइटवर नाव-नंबर टाकतो, प्रदर्शनातल्या स्टॉलवर कार्ड देऊन जातो किंवा जुना ग्राहक एखादं नाव सुचवतो. ही झाली लीड. तिला पहिला फोन करायचा, गरज खरी आहे का ते तपासायचं, डेमो ठरवायचा, किंमत सांगायची, फॉलोअप घ्यायचा आणि पैसे खात्यात येईपर्यंत ती सोडायची नाही, असं हे काम असतं. लहान कंपनीत एकच माणूस हे सगळं करतो. मोठ्या कंपनीत पहिला फोन करून डेमो ठरवणारे वेगळे आणि पुढे सौदा पूर्ण करणारे वेगळे. सपोर्टमधून येणाऱ्याला बहुधा पहिल्या प्रकारची जागा मिळते.

वरवर पाहता दोन्ही कामं फोनवरचीच, तरी दिवसाचा ताल पूर्ण वेगळा. सपोर्टमध्ये फोन येतो आणि समोरच्याला तुमची गरज असते. सेल्समध्ये फोन आपण करायचा, आणि पलीकडचा माणूस बहुतेक वेळा कामात असतो. दिवसाला साठ नंबर फिरवले तर बरेच उचललेच जात नाहीत, उचलणाऱ्यांपैकी कित्येक जण "नंतर करा" म्हणतात, आणि एखाद-दुसरा डेमो ठरला तरी दिवस चांगला गेला असं मानतात. सपोर्टचा माणूस शिव्या ऐकून घ्यायला सरावलेला असतो, पण दुर्लक्ष त्याला नवीन असतं. पहिल्या महिन्यात अनेकांचा धीर इथेच सुटतो, म्हणून ही गोष्ट आधी माहीत असलेली बरी.

तरीही सपोर्टचा माणूस सेल्समध्ये चालू शकतो, याला एक भक्कम कारण आहे. नील रॅकहम या ब्रिटिश संशोधकाने आणि त्याच्या हथवेट या संस्थेने बारा वर्षांच्या कामात सुमारे ३५ हजार विक्री-भेटींचा अभ्यास केला आणि १९८८मध्ये 'स्पिन सेलिंग' हे पुस्तक आलं. तोवर विक्रीच्या प्रशिक्षणात सौदा 'क्लोज' करण्याच्या युक्त्यांवर भर असे. रॅकहमला आढळलं की छोट्या खरेदीत त्या युक्त्या चालून जातात, मोठ्या खरेदीत मात्र त्या उलट नडतात. तिथे यशस्वी विक्रेत्यांचं वेगळेपण त्यांच्या प्रश्नांत होतं. त्याने प्रश्नांचे चार प्रकार केले: परिस्थितीचे, अडचणीचे, अडचणीच्या परिणामांचे आणि अडचण सुटली तर काय फायदा होईल याचे. अननुभवी विक्रेते पहिल्या प्रकारातच घुटमळतात, म्हणजे माणसं किती, शाखा किती, सध्या काय वापरता. कसलेले विक्रेते तिसऱ्या प्रकारापर्यंत पोचतात आणि त्या अडचणीमुळे पुढे काय बिघडतं, ते ग्राहकाच्याच तोंडून काढतात.

परिणामाचा प्रश्न विचारायचा तर परिणाम आधी माहीत हवा. सेल्समध्ये नव्याने आलेल्या एमबीएवाल्याला तो माहीत नसतो. सपोर्टच्या माणसाने तो रोज ऐकलेला असतो.

एक उदाहरण तपशिलात पाहू. समजा, पुण्यातल्या एका बिलिंग सॉफ्टवेअर कंपनीत एक मुलगी तीन वर्षं सपोर्टला आहे. तिच्याकडे वरचेवर एक तिकीट येतं: ग्राहकाने बिलावर खरेदीदाराचा जीएसटी नंबर चुकीचा टाकला. हा नंबर पंधरा अक्षर-अंकांचा, त्यातले पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे २७ आणि कर्नाटकाचे २९. नंबर अस्तित्वातच नसेल तर पोर्टल तो घेत नाही, म्हणजे चूक लगेच कळते. पण कोल्हापूरच्या फाउंड्रीवाल्याने खरेदीदार कंपनीच्या महाराष्ट्रातल्या नंबराऐवजी तिच्याच कर्नाटकातल्या शाखेचा २९चा नंबर टाकला, तर तो नंबर खरा असल्यामुळे विवरणपत्र बिनबोभाट भरलं जातं.

आता पुढचं पाहा. बिल दोन लाखांचं, त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे ३६ हजार. खरेदीदाराला या ३६ हजारांचं इनपुट क्रेडिट हवं असतं. ते मिळण्यासाठी विक्रेत्याने जीएसटीआर-१मध्ये दाखवलेलं बिल खरेदीदाराच्या जीएसटीआर-२बीमध्ये दिसावं लागतं, आणि हे २बी महिन्याच्या १४ तारखेला तयार होतं. बिल दुसऱ्याच शाखेच्या नावावर गेलं, तर पुण्याच्या शाखेला २बीमध्ये काहीच दिसत नाही. ती शाखा फाउंड्रीला कळवते, "क्रेडिट दिसल्याशिवाय कराचे पैसे सोडणार नाही." फाउंड्रीवाला सपोर्टला फोन करतो. पुढच्या महिन्याच्या विवरणपत्रात दुरुस्ती करायची, ती समोरच्याकडे दिसेपर्यंत थांबायचं, असं उत्तर ती मुलगी देते आणि तिकीट बंद करते.

तिच्या लेखी हे एक सुटलेलं तिकीट. सेल्सच्या दृष्टीने मात्र त्यात अडचण आहे, ३६ हजारांचा आकडा आहे, महिनाभराची अडकलेली रक्कम आहे आणि बिघडू लागलेला व्यवहार आहे. रॅकहमच्या तिसऱ्या प्रकारचा प्रश्न इथे आयताच तयार आहे.

सेल्सच्या मुलाखतीत जवळजवळ हमखास रोल प्ले असतो. मॅनेजर ग्राहक होतो आणि उमेदवाराने त्याला फोन करायचा. आपल्या मुलीला मॅनेजर सांगतो, "मी कोल्हापूरचा फाउंड्रीवाला. काल तुमच्या साइटवर नंबर टाकला होता. करा फोन."

"नमस्कार साहेब, पुण्याहून बोलतेय. काल तुम्ही आमच्या बिलिंग सॉफ्टवेअरची चौकशी केली होतीत. दोन मिनिटं बोलू शकतो का?"

"हां, सहज बघत होतो. आमच्याकडं आहे एक सॉफ्टवेअर."

सपोर्टमध्ये मुरलेली जीभ इथे लगेच उत्तराकडे धावते: आमच्यात हे आहे, ते आहे, ई-वे बिल एका क्लिकवर निघतं. पाच मिनिटं फीचर सांगून झाल्यावर समोरून "बरं, मेल करा" येतं आणि कॉल संपतो. तीन वर्षांची माहिती पोटात घेऊन बसलेल्या मुलीने मात्र असं जावं:

"चांगलं आहे. बिलं कोण करतं साहेब, तुम्ही स्वतः की अकाउंटंट?"

"एक पोरगा आहे."

"महिन्याला किती होतात साधारण?"

"दीडशे-दोनशे."

"एवढ्यात कधी पार्टीचा जीएसटी नंबर चुकून दुसऱ्या शाखेचा पडला, असं झालंय?"

"झालंय की. गेल्या महिन्यातच."

"मग पेमेंट?"

"पेमेंट कुठलं! टॅक्सचे छत्तीस हजार अजून धरून ठेवलेत त्यांनी."

एवढं बोलणं झालं की डेमोमध्ये काय दाखवायचं हा प्रश्नच उरत नाही. बिल करताना पार्टीचा नंबर आणि राज्य जुळत नसेल तर सॉफ्टवेअर कसं अडवतं, तेवढा एकच स्क्रीन दाखवायचा. या संवादात दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. परिस्थितीचे प्रश्न दोनच आहेत, आणि "मग पेमेंट?" या दोन शब्दांनंतर ती गप्प बसली आहे. ही शांतता सपोर्टवाल्यांना फार जड जाते, कारण तिथे कॉलवर पडलेली शांतता क्वालिटी ऑडिटमध्ये गुण कापते.

आता बायोडेट्याकडे येऊ. सपोर्टमधले आकडे सहसा तीन: एका कॉलला लागणारा सरासरी वेळ म्हणजे एएचटी, ग्राहकाच्या समाधानाचा गुण म्हणजे सीसॅट, आणि पहिल्याच कॉलमध्ये सुटलेल्या तक्रारींचं प्रमाण. हे आकडे सगळ्यात वर ठळक अक्षरांत देण्याची सवय आहे. सेल्स मॅनेजरसाठी एएचटीचा उपयोग शून्य. उलट लवकर फोन ठेवण्याची सवय त्याला धोक्याची वाटते. सीसॅट द्यायला हरकत नाही, पण खाली, एका ओळीत.

वर यायला हवेत ते पैशाशी जोडलेले आकडे. वार्षिक वर्गणीवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये रिन्युअल हा सगळ्यात मोलाचा क्षण असतो, आणि "बंद करायचंय" असं म्हणणारा ग्राहक बहुधा आधी सपोर्टला फोन करतो. समजा, आपल्या मुलीकडे वर्षभरात असे ४० जण आले आणि त्यातल्या २२ जणांनी तिच्याशी बोलल्यावर रिन्युअल केलं. वर्गणी १२ हजार धरली तर ही २ लाख ६४ हजारांची टिकलेली उलाढाल झाली. तिने लिहायचं ते असं: 'सोडून जाण्याच्या विचारात असलेल्या ४० ग्राहकांपैकी २२ टिकवले, वार्षिक मूल्य २.६४ लाख रुपये.' हीच ओळ सगळ्यात वर. 'दररोज ५० कॉल हाताळले' ही ओळ सपोर्टमधल्या कुणाच्याही बायोडेटात सापडेल. आधीची ओळ फक्त तिच्या बायोडेटात असेल.

दुसरा उपयोगी आकडा लीडचा. सपोर्ट कॉलमध्ये ग्राहक सहज बोलून जातो, "मेहुण्याचं दुकान टाकतोय" किंवा "नागपूरला गोडाऊन घेतलंय". ही माहिती सेल्सला कळवली, तर तिचं पुढे काय झालं हे विचारून लिहून ठेवावं. वर्षात ३० नावं दिली आणि ६ विकली गेली, एवढी साधी नोंदही मुलाखतीत बोलते. हे आकडे खरे असावेत आणि कसे मोजले ते सांगता यावं, कारण अनुभवी मॅनेजर पुढचा प्रश्न तोच विचारतो: "ते २२ जण थांबले ते तुमच्यामुळे कशावरून?" यावर "त्यांना आम्ही सवलत दिली" असं उत्तर आलं तर त्या आकड्याची किंमत अर्धी होते. "त्यातल्या बऱ्याच जणांना डेटा बॅकअप कसा घ्यायचा हेच माहीत नव्हतं, ते शिकवलं" असं उत्तर आलं तर मॅनेजर सरसावून बसतो.

आकडे गोळा करायचे ते नोकरीत असतानाच, तिकिटांना टॅग लावून. नोकरी सोडताना घाईघाईने शोधायला गेलं की काहीच हाती लागत नाही. आणि न्यायचे ते फक्त आकडे. ग्राहकांची नावं, फोन नंबर, त्यांच्या बिलांचे तपशील नव्या कंपनीत नेणं हा नोकरीच्या करारातल्या गोपनीयतेच्या अटीचा भंग ठरतो, आणि वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३चा कायदाही आहे. मुलाखतीत कुणी "तिथले ग्राहक आणता येतील का?" असं विचारलं तर नाही म्हणावं. तसं विचारणारी कंपनी उद्या तुमच्याशी कशी वागेल, याचाही अंदाज त्यातून येतो.

तिसरी गोष्ट नोंदींची. तिकीट लिहिताना कुणी, कधी, काय सांगितलं, पुढे काय करायचं, हे सपोर्टवाला सवयीने लिहितो, कारण पुढच्या शिफ्टमधल्या माणसाला ते वाचून काम करायचं असतं. सेल्समध्ये हेच लेखन सीआरएममध्ये होतं, आणि तिथे बहुतेकांचा आळस असतो. "बोलणं झालं, इंटरेस्टेड" अशी नोंद पंधरा दिवसांनी निरुपयोगी ठरते. "मालक १५ तारखेनंतर मोकळे, निर्णय मुलगा घेतो, सध्याच्या सॉफ्टवेअरची मुदत मार्चमध्ये संपते" ही नोंद पुढचा फोन कधी आणि कुणाला करायचा ते सांगते. ज्याने फ्रेशडेस्क किंवा झेनडेस्कवर काम केलं आहे त्याला झोहो किंवा सेल्सफोर्सचं सीआरएम शिकायला फार वेळ लागत नाही. मुलाखतीला जाताना स्वतःच्या एखाद्या चांगल्या नोंदीचा नमुना, ग्राहकाची ओळख पूर्ण काढून, नव्याने लिहून न्यावा.

भाषेचं महत्त्वही कमी लेखू नये. सोलापूरच्या दुकानदाराशी मराठीत, भिवंडीच्या गोदामवाल्याशी हिंदीत आणि बेंगळुरूच्या फायनान्स मॅनेजरशी इंग्रजीत तीच गोष्ट सांगता येणं हे राज्याबाहेरच्या कंपन्यांनाही महाराष्ट्रातल्या बाजारासाठी हवं असतं. बायोडेटात नुसतं 'मराठी, हिंदी, इंग्रजी' न लिहिता कोणत्या भाषेत कोणत्या प्रकारच्या ग्राहकांशी काम केलं ते लिहावं.

सपोर्टमधल्या काही चांगल्या सवयी सेल्समध्ये मात्र आड येतात. सर्वांत मोठी म्हणजे माफी मागण्याची. "सॉरी सर, डिस्टर्ब केलं" या सुरुवातीने फोन करणाऱ्याचं पारडं पहिल्याच वाक्यात हलकं होतं. दुसरी, प्रत्येक प्रश्न तिथल्या तिथे सोडवण्याची. "किंमत जास्त वाटते" हे वाक्य सपोर्टवाल्याला तक्रारीसारखं ऐकू येतं आणि तो लगेच सवलत काढतो. खरं तर तेव्हा विचारायचं असतं, "कशाच्या तुलनेत?" उत्तर बऱ्याचदा दुसऱ्याच ठिकाणी निघतं: पूर्ण वर्षाचे पैसे एकदम द्यायचे नसतात, किंवा निर्णय भावाचा असतो. आपल्यात ही सवय आहे का, हे ओळखण्याचा सोपा उपाय म्हणजे स्वतःचे जुने कॉल ऐकणं आणि आपण प्रश्न किती विचारले, ते मोजणं.

कायद्याची एक बाजूही माहीत हवी. आपण होऊन फोन करणाऱ्या ग्राहकाशी बोलताना सपोर्टला 'डू नॉट डिस्टर्ब'चा विचार करावा लागत नाही. सेल्समध्ये करावा लागतो. ट्रायच्या २०१८च्या नियमांनुसार ग्राहक १९०९वर आपली पसंती नोंदवू शकतो आणि तिथेच तक्रारही करू शकतो. जाहिरातीच्या फोनसाठी १४०ने सुरू होणारे नंबर राखलेले आहेत. "स्वतःच्या मोबाइलवरून विकतच्या याद्यांवर फोन करा" असं सांगणारी कंपनी आपली जोखीम तुमच्या सिमकार्डावर टाकत असते, कारण तक्रारी झाल्यावर बंद होतो तो तुमचा नंबर.

बदलाचा सर्वांत सोपा रस्ता त्याच कंपनीतून जातो. उत्पादन माहीत असतं, माणसं ओळखीची असतात, त्यामुळे प्रशिक्षणाचा बराच काळ वाचतो. मोठ्या कंपन्यांत आयजेपीने अशा जागा निघतात. सध्याच्या जागेवर ठरावीक काळ, बऱ्याचदा वर्षभर, पूर्ण झालेला असण्याची अट असते आणि टीम लीडरची संमती लागते. टीम लीडर चांगला माणूस सोडायला सहसा नाखूश असतो. म्हणून अर्ज करण्याआधी काही महिने सेल्सच्या डेमोंना मागे बसण्याची परवानगी मागावी, लीड देत राहावं, आणि आपल्या जागी कोण तयार होतंय हेही दाखवावं.

शेवटी पगार, कारण इथे फसगत जास्त होते. समजा, ऑफर वर्षाला ४ लाखांची आहे, त्यात २ लाख ८० हजार निश्चित आणि १ लाख २० हजार टार्गेटवर अवलंबून. म्हणजे महिन्याला खात्रीचे सुमारे २३ हजार ३३३, तेही पीएफ वगैरे कापण्याआधीचे, आणि वरचे १० हजार टार्गेट पूर्ण झालं तर. पुष्कळ ठिकाणी ठरावीक टक्क्यांच्या खाली इन्सेंटिव्ह शून्य असतो. ही मर्यादा ७० टक्क्यांची असेल आणि काम ६५ टक्के झालं, तर हातात फक्त निश्चित पगार येतो. सपोर्टमध्ये २६ हजार घेणाऱ्याला ही ऑफर कागदावर मोठी दिसते, आणि पहिले काही महिने घरात मात्र कमी पैसे येतात.

म्हणून होकार देण्याआधी काही गोष्टी विचाराव्यात आणि उत्तरं मेलवर घ्यावीत. गेल्या तिमाहीत टीममधल्या किती जणांनी टार्गेट पूर्ण केलं? लीड कंपनी देते की स्वतः शोधायच्या? इन्सेंटिव्ह सौदा झाल्यावर मिळतो की ग्राहकाचे पैसे आल्यावर, आणि ग्राहकाने दोन महिन्यांत रद्द केलं तर तो परत कापतात का? सौदा पूर्ण व्हायला दीड-दोन महिने लागत असतील तर पहिल्या तिमाहीत नव्या माणसाला पूर्ण टार्गेट देणं अन्यायाचं आहे. पहिल्या महिन्यात फक्त ठरलेले डेमो मोजायचे, दुसऱ्यात अर्धं टार्गेट आणि चौथ्यापासून पूर्ण, अशी चढण बऱ्याच कंपन्या देतात, पण ती न मागता ऑफर लेटरमध्ये उतरतेच असं नाही.